पटकीच्या जंतूची दोन विषं

माझी आजी पंढरपूरच्या यात्रेला निघायची तेव्हा आधी टोचून घ्यावं लागायचं. कॉलऱ्याची लस टोचल्याशिवाय वारकऱ्यांना पुढे सोडत नसत. ती सांगायची, दंड असा सुजायचा की लुगड्याचा पदर खांद्यावर घेता यायचा नाही, आणि रात्री हटकून ताप भरायचा. सकाळी उतरायचा.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला लागले तेव्हा या आठवणीतली विसंगती पहिल्यांदा लक्षात आली. ज्या रोगाची ती लस, त्या पटकीत म्हणजे कॉलऱ्यात रोग्याला ताप बहुधा येतच नाही. उलट अंग गार पडतं, डोळे खोल जातात, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतते, आणि इतकं होऊनही माणूस बराच वेळ शुद्धीवर असतो. मग मेलेल्या जंतूंच्या लशीनं ताप येतो आणि जिवंत जंतूंच्या रोगात येत नाही, हे कसं?

कारण त्या एकाच जंतूकडे दोन वेगळी विषं आहेत. एकानं जीव जातो, दुसऱ्यानं आजीचा दंड सुजायचा. दर पावसाळ्यात पेपरात ‘गॅस्ट्रोची साथ’ अशी बातमी येते, आणि ओळखीत कुणी दगावलं तर ‘सेप्सिस झालं होतं’ असं कानावर पडतं. या दोन बातम्यांच्या मागे बऱ्याचदा याच दोन जातींची विषं असतात, आणि ती शरीराची नासधूस अगदी निरनिराळ्या रीतीनं करतात.

एक बाहेर टाकलेलं, एक अंगाचंच

पहिल्या जातीला बहिर्विष म्हणतात, डॉक्टरांच्या भाषेत एक्झोटॉक्सिन. जिवंत जंतू हे तयार करून बाहेर सोडतो. ते प्रथिन असतं आणि त्याला एक ठरावीक काम येतं. धनुर्वाताचं विष स्नायूंना सैल पडू देत नाही. घटसर्पाचं विष पेशीतली प्रथिनं बनवण्याची यंत्रणाच थांबवतं. पटकीचं काय करतं ते पुढे सविस्तर येईलच.

दुसरं अंतर्विष, म्हणजे एंडोटॉक्सिन. नावावरून वाटतं की हे जंतूच्या पोटात साठवलेलं असेल. तसं नाही. ते जंतूच्या सगळ्यात बाहेरच्या आवरणाचाच भाग असतं, घराच्या भिंतीच्या गिलाव्यासारखं. अर्धं मेदाचं, अर्धं साखरेच्या साखळ्यांचं. जंतू मेला, फुटला, की गिलाव्याचे पोपडे निघावेत तसं ते सुटं होतं. आतड्यातला ई. कोलाय, विषमज्वराचा जंतू, पटकीचा जंतू अशा ‘ग्रॅम निगेटिव्ह’ म्हणवल्या जाणाऱ्या गटालाच असा गिलावा असतो. धनुर्वाताच्या किंवा घटसर्पाच्या जंतूला तो नसतो.

मग नाव असं चुकीचं का पडलं? त्याची गोष्ट पटकीपासूनच सुरू होते, आणि त्या गैरसमजानं विज्ञानाला जवळजवळ सात दशकं आडवाटेला नेलं.

‘विष जंतूच्या पोटात आहे’

रॉबर्ट कॉख 1884 साली कोलकात्यात होता. पटकीनं मेलेल्यांच्या आतड्यात त्याला स्वल्पविरामासारखे वाकडे जंतू सापडले. त्यानं एक नोंद घेतली: हे जंतू आतड्यातच राहतात, रक्तात किंवा इतर अवयवांत शिरत नाहीत. मग आतड्यात बसून ते माणसाला मारतात कसे? कॉखचा तर्क होता की ते एखादं विष सोडत असावेत. तर्क बरोबर होता, पण ते विष कुणाच्या हाती लागेना.

1892 मध्ये कॉखच्याच बर्लिनच्या संस्थेतल्या रिचर्ड फायफरनं वेगळं उत्तर दिलं. जंतू वाढवलेल्या द्रवात त्याला फारसं विष सापडत नव्हतं. पण उष्णता देऊन मारलेले जंतू गिनीपिगच्या पोटात टोचले तर गिनीपिग मरत होते. म्हणजे विष जंतूच्या देहातच आहे आणि तो मोडल्यावर बाहेर पडतं, असा निष्कर्ष त्यानं काढला. अंतर्विष हा शब्द तिथून आला.

फायफरचा प्रयोग खोटा नव्हता. त्याला सापडलेलं विष खरंच होतं. चूक पुढच्या पायरीवर झाली. गिनीपिगला मारणारं हेच विष माणसाला पटकी करतं, असं सगळ्यांनी धरून चाललं. पोटाच्या पोकळीत जंतू टोचणं आणि आतड्याच्या नळीत जंतू वाढणं यातला फरक कुणाला महत्त्वाचा वाटला नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली शिकण्यासारखी जागा हीच आहे, कारण पुढे ज्यानं कोडं सोडवलं त्यानं नवं यंत्र आणलं नव्हतं. त्यानं फक्त विष कुठे टाकायचं ती जागा बदलली.

कोलकात्यातला ससा

शंभूनाथ डे कोलकात्यात विकृतिशास्त्राचे डॉक्टर होते. साधनं तुटपुंजी होती, पण पटकीचे रोगी भरपूर. त्यांचा प्रयोग डोळ्यांसमोर आणण्यासारखा आहे.

सशाला भूल देऊन पोट उघडायचं. लहान आतड्याचा वीतभराहून कमी तुकडा निवडायचा आणि दोन्ही टोकांना रेशमी दोऱ्यानं घट्ट बांधायचा, म्हणजे मधे एक बंद पिशवी तयार होते. तिचा रक्तपुरवठा मात्र शाबूत ठेवायचा. त्या पिशवीत पटकीचे जंतू टोचायचे, पोट शिवायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडून बघायचं. बघतात तर ती चपटी पिशवी टम्म फुगलेली, आणि आत भाताच्या पेजेसारखं पांढुरकं पाणी. पटकीच्या रोग्याला होतात तसेच जुलाब, फक्त एका बांधलेल्या तुकड्यात.

हे त्यांनी 1953 मध्ये छापलं. खरा घाव 1959 चा. या वेळी त्यांनी पिशवीत जंतू टाकलेच नाहीत. जंतू ज्या द्रवात वाढवले होते तो द्रव गाळून जंतूविरहित केला आणि तेवढाच टोचला. पिशवी तशीच फुगली.

याचा अर्थ सरळ होता. जंतू तिथे नसतानाही पाणी सुटतं, म्हणजे जंतूनं विष बाहेर सोडलेलं होतं आणि ते गाळलेल्या द्रवात उतरलं होतं. पटकीचा मारेकरी बहिर्विष आहे. कॉखनं 1884 मध्ये बांधलेला अंदाज 75 वर्षांनी खरा ठरला, त्याच शहरात. इतरांना इतकी वर्षं ते सापडलं नाही याचं मोठं कारण म्हणजे विष रक्तात किंवा पोटाच्या पोकळीत टोचून ते प्राणी मरतो का हे पाहत होते, आणि हे विष काम करतं आतड्याच्या आतल्या बाजूनं.

शंभूनाथ डे यांना हयातीत मिळायला हवा तेवढा मान मिळाला नाही याची मला खरोखर खंत वाटते. आपल्याकडच्या शाळेच्या पुस्तकात कॉख असतो, डे नसतात.

मोटारीचा ऑटो-कट बिघडला तर

आता हे विष पेशीला करतं काय ते पाहू.

सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटार आठवा. टाकी भरली की ऑटो-कट मोटार बंद करतो. आतड्याच्या अस्तरातल्या प्रत्येक पेशीत असंच एक बटण असतं. ते चालू झालं की पेशी आतड्याच्या नळीत थोडं मीठ सोडते, आणि अन्न पातळ ठेवायला लागतं तेवढं पाणी त्यामागे जातं. काम झालं की बटण आपोआप बंद होतं. ही सोय निरोगी माणसात रोज चालते.

पटकीच्या विषाला सहा तुकडे असतात. पाच तुकड्यांचं एक कडं पेशीच्या पृष्ठभागावरच्या ठरावीक खुंटीला चिकटतं. त्या कड्याच्या आधारानं सहावा तुकडा पेशीत शिरतो आणि थेट त्या बटणाच्या ऑटो-कटवर एक रासायनिक खुट्टी ठोकतो. बटण चालू होतं, पण बंद होऊ शकत नाही. शिवाय हा तुकडा स्वतः खर्च होत नाही. एक खुट्टी ठोकली की दुसरीकडे वळतो. म्हणून विषाचे थोडेच कण पेशीला पुरतात.

परिणाम असा की पेशी मीठ सोडतच राहते. कोशिंबिरीसाठी काकडीच्या फोडींना मीठ लावलं की थोड्या वेळात वाडग्यात पाणी सुटतं. इथेही मीठ बाहेर गेलं की पाणी त्याच्या मागे खेचलं जातं, आणि ते पाणी येतं रक्तातून. जोरात लागलेल्या पटकीत मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं.

यातली खरी आश्चर्याची गोष्ट म्हणजे अस्तर फाटत नाही. पूर्वी वाटायचं की पटकीत आतड्याची आतली त्वचाच सोलून निघते. 1960 च्या सुमारास जिवंत रुग्णांच्या आतड्याचे बारीक नमुने घेऊन पाहिले तेव्हा पेशी जागच्या जागी, धडधाकट दिसल्या. त्या मेल्या नव्हत्या, फक्त चुकीचा हुकूम पाळत होत्या. म्हणूनच शौचात रक्त नसतं, आणि जंतू आत शिरत नसल्यानं तापही नसतो. आतड्याच्या पेशी चार-पाच दिवसांत बदलल्या जातात. तेवढा काळ रुग्णाला तगवलं तर खुट्टी ठोकलेल्या पेशी गळून जातात आणि रोग आपोआप संपतो.

इतकं पाणी वाहून जातंय, मग वरून पाजून काय उपयोग?

हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि पूर्वी डॉक्टरही तोच विचारत. फुटक्या माठात पाणी ओतण्यासारखं ते वाटायचं.

पण विषानं एकच दार बिघडवलेलं असतं. मीठ आत घेणारं दुसरं एक दार पेशीत असतं आणि ते शाबूत राहतं. त्याची अट एवढीच की मिठाबरोबर ग्लुकोज हवं. दोघं जोडीनं आले तर दार उघडतं, मीठ-साखर आत जातात, पाणी मागोमाग जातं. ओआरएसच्या पुडीत मीठ आणि ग्लुकोज दोन्ही असतात ते यासाठी. एक लिटर पाण्यात 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम साधं मीठ, शिवाय पोटॅशियमचा क्षार आणि सायट्रेट. ग्लुकोज चवीसाठी किंवा ताकदीसाठी नसतं. ते त्या दाराची किल्ली असतं. जास्त साखर घातली तर मात्र उलट होतं. गोडमिट्ट पाणी आतड्यात आणखी पाणी खेचतं.

1971 मध्ये बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्यापाशी सलाईन संपत आलं तेव्हा त्यांनी हेच द्रावण लोकांना तोंडानं पाजलं. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 4 टक्क्यांच्या खाली आलं.

रुग्ण अगदी गळाला असेल तर मात्र सलाईनच हवं, आणि इथला हिशोब ऐकून लोक दचकतात. 50 किलोचा माणूस, नाडी लागत नाही, डोळे खोल गेलेत. याचा अर्थ वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं, म्हणजे सुमारे पाच लिटर पाणी गेलंय. ते तीन तासांत परत द्यायचं: पहिल्या अर्ध्या तासात दीड लिटर, पुढच्या अडीच तासांत साडेतीन. नातेवाईक म्हणतात, ‘अहो, इतकं जोरात कशाला सोडताय?’ पण गेलंच आहे इतक्या जोरात. अँटिबायोटिकनं जुलाबाचे दिवस कमी होतात, जीव वाचतो तो पाण्यानं.

दुसरं विष स्वतः काहीच करत नाही

आता अंतर्विषाकडे. ते कुठलंही बटण अडकवत नाही, पेशीतली कुठली यंत्रणा थांबवत नाही. मग ते मारतं कसं?

इमारतीतला धुराचा भोंगा आठवा. धूर दिसला की तो वाजतो, लोक धावतात, पाण्याचे फवारे सुरू होतात. कोपऱ्यात एक कागद पेटला असेल तर हे ठीक. पण सगळ्या मजल्यांवरचे भोंगे एकदम वाजले आणि सगळे फवारे एकदम सुटले, तर आगीपेक्षा पाण्यानंच घर वाहून जाईल. अंतर्विष म्हणजे तो धूर.

आपल्या पांढऱ्या पेशींच्या अंगावर या गिलाव्याचा मेदाचा भाग ओळखणारा एक भोंगा असतो. त्याचं नाव टीएलआर-4. तो वाजला की पेशी रक्तात निरोप सोडते. एक निरोप मेंदूतल्या तापमानाच्या केंद्राला जातो आणि ताप चढतो. दुसरा रक्तवाहिन्यांना सैल व्हायला आणि भिंती सच्छिद्र करायला सांगतो, म्हणजे पांढऱ्या पेशींना बाहेर पडून जंतूंपर्यंत पोहोचता यावं. तिसरा रक्त गोठवतो, म्हणजे जंतू पसरू नयेत. बोटाला जखम झाली तर हे तिन्ही उपाय शहाणपणाचे असतात. सगळ्या अंगभर एकदम झाले तर घातक ठरतात.

याचा पुरावा एका जातीच्या उंदरांनी दिला. या उंदरांना अंतर्विष टोचलं तर काहीच व्हायचं नाही. दुसरे उंदीर मरतील इतक्या मात्रेतही ते निवांत असायचे. ब्रूस बॉयट्लर यांच्या प्रयोगशाळेनं 1998 मध्ये शोधून काढलं की या उंदरांचा टीएलआर-4 बिघडलेला आहे. भोंगाच नाही, म्हणून धुराचा त्रास नाही. या कामासाठी बॉयट्लर यांना 2011 च्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. पण हेच उंदीर साल्मोनेला जातीच्या थोड्याशा जिवंत जंतूंनी मरतात, कारण जंतू आत शिरल्याचं त्यांच्या शरीराला वेळेवर कळतच नाही. म्हणजे भोंगा काढून टाकणं हा उपाय नाही.

हा भोंगा किती नाजूक आहे याचा अंदाज यावा म्हणून सांगते. निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगांत दर किलो वजनामागे दोन ते चार नॅनोग्रॅम अंतर्विष शिरेतून दिलं की थंडी वाजून ताप येतो. साखरेचा एक दाणा अर्ध्या मिलिग्रॅमचा धरला, तर तेवढं विष 50 किलोच्या पाच हजार माणसांना हुडहुडी भरवायला पुरेल.

साधी लघवीची जळजळ, आणि दुसऱ्या दिवशी आयसीयू

समजा साठीच्या एक बाई आहेत, मधुमेह आहे. दोन दिवस लघवीला जळजळ होतेय, पण अंगावर काढलं. मूत्रमार्गातला ई. कोलाय वर मूत्रपिंडापर्यंत चढतो आणि तिथून रक्तात उतरतो. संध्याकाळी दात वाजावेत अशी थंडी भरते, मागून ताप. सुनेला हात गरम लागतात, चेहरा लाल दिसतो. तापच आहे म्हणून क्रोसिन देऊन झोपवतात.

पण आत रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असतात. तेवढंच रक्त मोठ्या झालेल्या नळ्यांत फिरतंय, शिवाय भिंतींतून पाणी झिरपतंय. रक्तदाब उतरायला लागतो. बाई गोंधळल्यासारखं बोलतात, श्वास भरभर चालतो, सकाळपासून लघवी झालेली नसते. ही तीन चिन्हं तापाच्या आकड्यापेक्षा जास्त बोलकी आहेत, आणि म्हाताऱ्या माणसांत तर कधी ताप नसतानाही दिसतात. बारीक वाहिन्यांत रक्ताच्या गुठळ्या होऊ लागल्या की मूत्रपिंडं, फुप्फुसं एकेक करून मागे पडतात. यालाच सेप्सिस आणि पुढे सेप्टिक शॉक म्हणतात.

पटकीच्या रोग्याशी तुलना करा. रक्तदाब दोघांचाही कोसळतो. पण पटकीत पाणी शरीराबाहेर गेलेलं असतं, ते मोजून परत देता येतं. इथे पाणी शरीरातच असतं, पण वाहिन्यांच्या बाहेर. कितीही सलाईन ओतलं तरी त्यातलं बरंच झिरपतं आणि अंगावर सूज येते, म्हणून वाहिन्या आवळणारं औषधही लागतं. एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी. ज्यांना गिलावा नसतो अशा जंतूंमुळेही सेप्सिस होतं. शरीराकडे इतर भोंगेही आहेत, आणि ते वेगळ्या खुणा ओळखतात.

जंतू मेल्यावर विष सुटतं, तर अँटिबायोटिक देऊच नये का?

द्यायलाच हवं, आणि लवकर. जंतू फुटल्यावर अंतर्विष सुटतं हे खरं आहे, पण जिवंत वाढणारे जंतूही गिलाव्याचे पोपडे टाकतच असतात. ते दर वीस-तीस मिनिटांत दुप्पट होत असतील तर उशीर करण्यात रोज नवा धूर तयार होतो. पहिल्या डोसनंतर काही तास प्रकृती जरा जास्त बिघडल्यासारखी दिसली, तर औषध चुकलं असं लगेच धरून ते बंद करायला सांगू नका.

मग उतारा का नाही?

बहिर्विषावर उतारा असतो. प्रथिनाला ठरावीक आकार असतो, त्यावर बेतलेली प्रतिपिंडं त्याला पकडून निकामी करतात. इतकंच नाही, फॉर्मलिननं त्या प्रथिनाचा विषारीपणा काढून आकार मात्र राखता येतो. 1920 च्या दशकात गास्ताँ रामाँ यांनी ही युक्ती बसवली. रस्त्यावर खरचटल्यावर आपण जे धनुर्वाताचं इंजेक्शन घेतो ते असं नांगी काढलेलं विषच असतं. धनुर्वात होऊन बरा झालेल्या माणसालाही ते द्यावं लागतं, कारण खऱ्या रोगात विषाची मात्रा इतकी थोडी असते की शरीर ते ओळखायला शिकतच नाही.

अंतर्विषाची नांगी अशी काढता येत नाही. त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं टोचून पाहिली, भोंगा बंद करणारं औषधही मोठ्या चाचण्यांत वापरून पाहिलं. सेप्सिसचे मृत्यू त्यानं कमी झाले नाहीत. कारण रुग्ण दवाखान्यात पोहोचतो तेव्हा भोंगा वाजून गेलेला असतो, निरोप सगळीकडे पोहोचलेले असतात. त्यानंतर धूर पुसून काय होणार?

उकळलं की विष मरतं ना?

बहिर्विष बहुतेक वेळा मरतं. अंडं उकडल्यावर पांढरा बलक पुन्हा पातळ होत नाही, तसं उष्णतेनं प्रथिनाचा आकार कायमचा बिघडतो. याला अपवाद आहेत. पेढे-बासुंदी उघड्यावर राहून त्यात वाढणाऱ्या स्टॅफिलोकोकसचं विष अर्धा तास उकळूनही टिकतं. जंतू मरतात, उलट्या होतातच.

अंतर्विष मात्र उकळण्याला दाद देत नाही. प्रेशर कुकरसारख्या वाफेच्या यंत्रातही ते बरंचसं टिकतं. ते नष्ट करायला 250 अंशांची कोरडी उष्णता सुमारे अर्धा तास लागते, म्हणून इंजेक्शनच्या काचेच्या बाटल्या अशा भट्टीतून काढतात. शंभर वर्षांपूर्वी इंजेक्शननंतर येणाऱ्या तापाचं हेच कोडं होतं. पाणी उकळलेलं, जंतू एक नाही, तरी रुग्णाला थंडी भरायची. 1923 मध्ये फ्लॉरेन्स सायबर्ट यांनी दाखवलं की ऊर्ध्वपातन करताना उडणाऱ्या बारीक थेंबांबरोबर मेलेल्या जंतूंचे अवशेष शुद्ध पाण्यात उतरतात. आजही सलाईन लावल्यावर अर्ध्या-पाऊण तासात कुणी कुडकुडायला लागलं, तर नर्सताई आधी बाटली बंद करतात, कारण शंका घेण्याच्या गोष्टींत बाटलीतलं अंतर्विषही असतं. बाटली फेकू नये, तिचा बॅच क्रमांक नोंदवावा.

पाण्यात अंतर्विष आहे का, हे ओळखायची जगभर वापरलेली चाचणी एका समुद्री प्राण्याच्या निळ्या रक्तावर चालते. हा नालखेकडा ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावरही सापडतो. त्याच्या रक्तपेशींचा अर्क अंतर्विषाच्या नुसत्या स्पर्शानं जेलीसारखा गोठतो. आता त्यासाठी प्रयोगशाळेत बनवलेलं प्रथिनही मिळतं.

आपल्या आतड्यात तर असले जंतू भरलेत, मग आपण रोज का कुडकुडत नाही?

कारण धूर कुठे आहे याला महत्त्व आहे. चुलीतला धूर धुराड्यातून गेला तर भोंग्याशी त्याचा संबंध येत नाही. आतड्याच्या नळीत अंतर्विष भरपूर असतं, पण अस्तर आणि त्यावरचा चिकट थर त्याला रक्तापासून दूर ठेवतो. जे थोडं निसटतं ते यकृत गाळून टाकतं.

आणि इथेच आजीच्या तापाचं उत्तर आहे. पटकीच्या रोग्याच्या आतड्यात जंतू अब्जांनी असतात आणि त्या प्रत्येकाला गिलावा असतो. पण अस्तर शाबूत असल्यानं तो नळीतच राहतो आणि शौचावाटे निघून जातो, म्हणून ताप नाही. आजीच्या दंडात मात्र मेलेले जंतू गिलाव्यासकट थेट मांसाजवळ टोचलेले होते. तिथल्या पांढऱ्या पेशींनी भोंगा वाजवला. ज्या विषानं पटकी होते ते त्या लशीत जवळजवळ नव्हतंच, आणि त्या लशीचं संरक्षणही सहा महिन्यांपलीकडे फारसं टिकत नसे.

पण गिलाव्याचा एक उपयोग आहे. त्याचं साखरेचं शेपूट विषारी नसतं, ते जंतूचं ओळखपत्र असतं. पटकीच्या जंतूच्या जाती याच शेपटावरून ओळखतात. 1992 मध्ये चेन्नईकडे शेपूट बदललेली ओ-139 ही नवी जात निघाली, तेव्हा जुन्या ओ-1 जातीशी ओळख असलेली मोठी माणसंही तिला बळी पडली. हल्लीच्या भारतीय बनावटीच्या लशीतही मेलेलेच जंतू असतात, आणि शरीर त्यांचं तेच शेपूट लक्षात ठेवतं. फरक इतकाच की ही लस टोचत नाहीत. दीड मिलिलिटरची छोटी कुपी तोंडात रिकामी करायची, दोन आठवड्यांनी दुसरी. गिलावा आतड्याच्या नळीतच राहतो, दंड सुजत नाही आणि ताप सहसा येत नाही.